पाहुण्यांचा इंग्रजी परिचय मराठीत आणताना: माझा अनुभव

"तीन दशकांहून अधिक काळाचा समृद्ध अनुभव असलेल्या, पर्जन्याश्रित व्हर्टिसोल्समधील स्वस्थानी आर्द्रता संवर्धनाच्या क्षेत्रात अग्रणी कार्य केलेल्या आणि सध्या क्रिडा, हैदराबाद येथे प्रधान शास्त्रज्ञ म्हणून सेवा देत असलेल्या डॉ. अमुक या एक उत्कट संशोधक आहेत."

हे वाक्य मला औसा तालुक्यातल्या शेतकरी मेळाव्यात, पंखे घरघरत असलेल्या मंगल कार्यालयात, माईकवर वाचायचं होतं. खरीप तोंडावर आलेला, समोर सोयाबीन आणि तूर करणारी माणसं. आयोजकांच्या ऑफिसनं पाहुण्यांचा एक पानी इंग्रजी परिचय पाठवला होता. सोबत कुणाकडून तरी करून घेतलेला हा मराठी तर्जुमा आणि वर शेरा: "हाच वाचावा."

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि जिल्ह्यात बऱ्याच कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते, त्यामुळे असे परिचय नवे नाहीत. जन्मगाव, शिक्षण, नोकऱ्या हे सगळं पटापट होऊन जातं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते या पहिल्या वाक्यावर आणि त्या ऑफिसवर.

वाक्यात व्याकरणाची चूक एकही नाही, हीच खरी पंचाईत. इंग्रजीत नाव आधी येतं आणि मग माहिती रेल्वेच्या डब्यांसारखी मागून जोडत जातात. मराठीत तेच करायला गेलं की सगळे डबे इंजिनाच्या पुढे लागतात: असलेल्या, केलेल्या, देत असलेल्या. वाचणाऱ्याला डोळे मागे नेता येतात, ऐकणाऱ्याला कान मागे नेता येत नाहीत. आमच्या कॉलेजातल्या शिपाई मामांचं स्वतःचं रान आहे. त्यांना मी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं. मामा म्हणाले, "मॅडम, हे कुणाबद्दल बोलायलाव?" नाव ऐकू येईपर्यंत त्यांचं लक्ष केव्हाच उडालं होतं.

मग मी माझी नेहमीची पद्धत लावली. आधी वाक्य विसरायचं आणि त्यातल्या गोष्टी सुट्या करायच्या. या बाई कुठे काम करतात? काय काम करतात? किती वर्षं? त्याचा समोरच्यांशी काय संबंध? प्रत्येक उत्तराला स्वतःचं क्रियापद द्यायचं. "सेवा देत असलेल्या"चं "काम करतात" झालं. "उत्कट संशोधक" मी सरळ काढून टाकलं. इंग्रजी परिचयात अशी विशेषणं रीत म्हणून येतात, मराठीत माईकवरून ती खोटी वाटतात. बाईंना कामाची किती ओढ आहे ते त्यांचं भाषण सांगेलच.

"क्रिडा"ला मात्र मी हातच जोडले. हैदराबादला कोरडवाहू शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, तिच्या इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं. कागदावर ठीक आहे. माईकवर "क्रिडा, हैदराबाद" म्हटलं की हॉलमधल्या निम्म्या लोकांना वाटणार की बाई खेळाच्या संस्थेत आहेत. आद्याक्षरं तोंडानं म्हणून बघितल्याशिवाय कधीही घेऊ नयेत. संस्था काय करते ते सांगावं, तेवढं पुरतं.

आता ते "स्वस्थानी आर्द्रता संवर्धन". कृषी खात्याच्या पत्रकांत यालाच "मूलस्थानी जलसंधारण" म्हणतात. शब्द बरा आहे, पण ऐकताना तोही दगडासारखा पडतो. गोष्ट एवढीच आहे की पावसाचं पाणी जिथं पडलं तिथंच मुरवायचं. व्हर्टिसोल्स म्हणजे आपली खोल काळी जमीन, जी उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पावसाळ्यात फुगून चिकट होते. बाईंच्या इंग्रजी परिचयात पुढं रुंद वरंबा आणि सरीच्या पद्धतीवरच्या प्रयोगांचा उल्लेख होता. तो वाचून मला हायसं वाटलं, कारण हे तर बीबीएफ! आमच्याकडे बीबीएफ यंत्रानं सोयाबीन पेरलेला माणूस गावोगाव सापडतो. वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंना सरी. पाऊस कमी झाला तर सरीत पाणी मुरतं, जास्त झाला तर सरीतूनच निघून जातं. शास्त्रातल्या ज्या शब्दाला शिवारात आधीच नाव आहे, त्याला घरी बसून दुसरं नाव पाडायची काही गरज नाही.

इथंपर्यंत एका संध्याकाळचं काम. नंतर ऑफिस सुरू झालं.

मी माझा मसुदा पाठवला. उत्तर आलं, "मूळ बायोतले काही मुद्दे दिसत नाहीत." म्हटलं, शोधनिबंधांची संख्या, समित्यांची यादी आणि पाच पुरस्कारांपैकी चार मी बोलण्यात घेतलेले नाहीत. "पण पाहुण्यांचा अपमान होईल." मी समजावलं की मिनिटाला शंभरेक शब्दांच्या वर व्यासपीठावर बोललं की लोकांना लागत नाही. तुमचा तर्जुमा वाचायला पाच मिनिटं लागतात. बाईंना बोलायला वेळ दिलाय अर्धा तास, त्यातला सहावा हिस्सा परिचयात घालवणं हाच अपमान. "ते ठीक आहे, पण साहेबांची मान्यता लागेल." साहेब रजेवर. साहेब आले तर फाइल दुसऱ्या टेबलावर. मग साहेबांनी फाइल पाहिली आणि फक्त एक शेरा मारला: "अग्रणी हा शब्द असावा."

त्या एका शब्दावर किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, पण माझा संयम तिथंच संपला. कारण अडचण माझ्या आवडीनिवडीची नव्हती. तर्जुम्यात "अग्रणी" होतं, आणि आयोजकांपैकी एकानं माईकसाठी त्याचं आणखी सोपं केलं होतं: "बीबीएफचा शोध लावणाऱ्या डॉक्टर." मूळ इंग्रजीत काय होतं? तर ज्या गटानं काळ्या जमिनीत या पद्धतीच्या चाचण्या घेतल्या, त्या गटात त्या होत्या. गटात असणं, गटाचं नेतृत्व करणं आणि शोध लावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी परिचयात हा फरक एका बारीक क्रियापदावर टांगलेला असतो, आणि सोपं करताना सगळ्यात आधी तोच निसटतो. निसटला तर टाळ्या पडतात आणि पाहुण्या व्यासपीठावर मान खाली घालून बसतात. म्हणून सोपं केलेलं प्रत्येक वाक्य मी मुळाशी एकदा उलटं ताडून बघते: याचं परत इंग्रजी केलं तर बाई त्याखाली सही करतील का?

ऑफिसशी वाद घालून काही हाती लागत नव्हतं. शेवटी दोन गोष्टी केल्या. पहिली, संपूर्ण परिचय, सगळ्या पुरस्कारांसकट, मेळाव्याच्या पुस्तिकेत छापायला दिला. वगळल्याची तक्रार तिथंच मिटली, आणि हे मी सगळ्यांना सांगेन: छापायचा परिचय आणि बोलायचा परिचय हे दोन कागद पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. दुसरी, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या ओळखीच्या सरांकडून बाईंचा नंबर मिळवला आणि माझा मजकूर माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून त्यांना पाठवला. कागद पाठवला असता तर त्यांनी कागदासारखाच तपासला असता.

उलट फोन आला तो चक्क मराठीत, थोडा तेलुगू हेल असलेल्या. बाई म्हणाल्या, "शोध वगैरे नको हो. आम्ही सगळे मिळून करत होतो. आणि पेपरचा आकडा शेतकऱ्याला कशाला?" मराठी कुठं शिकलात विचारलं, तर सुरुवातीची काही वर्षं परभणीच्या कोरडवाहू शेती संशोधन प्रकल्पात काढलेली! इंग्रजी परिचयात हे अगदी तळाला, एका ओळीत होतं. तिथं सध्याचं पद वर आणि जुनं खाली असा क्रम असतो. आमच्या हॉलसाठी तीच ओळ सगळ्यात वर हवी होती.

शेवटी बोलले ते असं:

"आजच्या आपल्या पाहुण्या मूळच्या तेलंगणातल्या. पण नोकरीची पहिली वर्षं त्यांनी आपल्या परभणीत काढली, कोरडवाहू शेतीच्या प्रकल्पात. मराठी तिथंच शिकल्या. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात पाय धरते, हे त्यांनी रानात उभं राहून पाहिलंय. पडलेलं पाणी रानातच कसं मुरवायचं, यावर त्या तीस वर्षांहून जास्त काळ काम करतायत. आपण ज्याला बीबीएफ म्हणतो, त्या पद्धतीच्या काळ्या जमिनीतल्या चाचण्या ज्या गटानं घेतल्या, त्यात त्या होत्या. आज हैदराबादला, कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत, त्या प्रधान शास्त्रज्ञ आहेत. मी विनंती करते, डॉक्टर..."

आणि मग नाव. आपल्याकडे नाव शेवटी येतं, टाळी नावावर पडते. नाव आधी सांगून बसलात तर टाळी मध्येच पडते आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

नावावरून आठवलं. तेलुगू नावांत पुढं असलेलं आद्याक्षर बहुतेक वेळा घराण्याचं असतं आणि शेवटचा शब्द व्यक्तीचं स्वतःचं नाव. आपण सवयीनं शेवटचा शब्द आडनाव समजून "अमुक मॅडम" म्हणत राहतो. बाईंनाच विचारून, त्या जसं म्हणतात तसं, देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून घ्या. आणि "डॉ."च्या आधी "श्रीमती" लावू नका, कितीही आग्रह झाला तरी.

कागदावर "केलं, शिकल्या, करतायत" असंच लिहा. "केले, करीत आहेत" लिहिलं की माईकसमोर तोंड आपोआप पुस्तकी होतं. सालही "दोन हजार अकरा साली" असं अक्षरात लिहिलेलं बरं, आकडा दिसला की जीभ इंग्रजीकडे वळते. पुरस्काराचं नाव मात्र भाषांतर न करता आहे तसंच घ्या, आणि एकच घ्या.

मेळाव्यानंतर बाई खाली शेतकऱ्यांच्या घोळक्यात बराच वेळ उभ्या होत्या, परभणीतल्या जुन्या लोकांची चौकशी चालली होती. मला समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांनी ऑफिसचा फोन. परिचय साहेबांना आवडला, म्हणे. रेकॉर्डसाठी त्याची प्रत हवी होती, सोबत इंग्रजी भाषांतर जोडून, कारण मान्यता मूळ इंग्रजीवरच घ्यायची राहिली होती.