त्याची ओळ

काल सकाळी ऑफिसात टार्गेटची शीट उघडली, तर टीममधल्या आमच्या सहकाऱ्याच्या नावाची ओळ गेलेली होती.

शनिवारी रात्री त्याच्या छातीत दुखलं, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं. रविवारी अंत्यविधी. सोमवारी मीटिंग. दोन मिनिटं उभे राहिलो. मग साहेब म्हणाले, "दुःख सगळ्यांनाच आहे, पण महिना एकतीसलाच संपणार." त्याचं उरलेलं 30 लाखांचं गृहकर्जाचं टार्गेट आम्हा पाच जणांत सहा-सहा लाख वाटलं गेलं. फायलीही वाटल्या.

माझ्याकडे एका रिक्षावाल्या काकांची फाइल आली. शेऱ्याच्या रकान्यात त्यानं शुक्रवारी लिहून ठेवलेलं : 'मंगळवारी फोन. दुपारी नको, काका झोपतात.'

किती वेळ ती ओळ बघत बसलो, कळलं नाही.

आज मंगळवार. चार वाजून गेल्यावर फोन लावला.

"ते साहेब कुठंयत? हा आवाज त्यांचा नाही."

सांगितलं. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "कर्जाचं राहू द्या हो. त्यांच्या घरचं कोण बघतंय आता?"

दोन दिवसांत ऑफिसात हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

फाइल आज पुढे सरकवली नाही. संध्याकाळी त्याच्या घरी जातोय. टीममधलं कुणी येतंय का सोबत?