झोपून काढलेला एक्स-रे

बारा वर्षांच्या त्या मुलीचे वडील माझ्या टेबलावर दोन एक्स-रे ठेवून उभेच राहिले. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालात पाठीच्या कण्याचा बाक १९ अंश लिहिला होता आणि कालच्या अहवालात ३१. "डॉक्टरसाहेब, सहा महिन्यांत बारा अंश वाढले. या हिशेबाने वर्षभरात ऑपरेशनच करावे लागेल का?" त्यांचा आवाज कापत होता.

मी आधी मुलीला पुढे वाकायला सांगितले. पाठीची उजवी बाजू स्पष्टपणे वर आली; म्हणजे मणके नुसते बाजूला झुकलेले नव्हते, तर स्वतःभोवती फिरलेलेही होते. पायांची ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया व्यवस्थित होत्या. बाकाला दुसरे कोणतेही कारण दिसत नव्हते, त्यामुळे वाढीच्या वयात अज्ञात कारणाने येणारा हा बाक आहे, असे मानायला हरकत नव्हती.

मग मी दोन्ही चित्रे स्वतः मोजायला घेतली. कॉब कोन मोजताना बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत तिरका मणका आणि खालच्या टोकाचा सर्वांत तिरका मणका निवडायचा असतो. वरच्या मणक्याच्या वरच्या पृष्ठाला आणि खालच्याच्या खालच्या पृष्ठाला समांतर रेघा ओढल्या की त्यांच्यामधला कोन हाच बाकाचा कोन. टोकाचा मणका एकाने एक धरला आणि दुसऱ्याने शेजारचा, तर उत्तर बदलते. म्हणूनच दोन मोजण्यांत पाचेक अंशांचा फरक पडला, तर त्याला लगेच वाढ म्हणता येत नाही. नव्या चित्रात पाठीच्या पाचव्या ते बाराव्या मणक्यापर्यंत मलाही ३१ अंशच मिळाले. जुन्या चित्रात तेच मणके धरून २० मिळाले. म्हणजे अकरा अंशांचा फरक मोजण्याच्या चुकीतून आलेला नव्हता.

तरीही जुने चित्र मला खटकत होते. नव्या चित्रात डाव्या श्वासपटलाखाली, जठरात, हवा आणि द्रव यांच्यामधली आडवी सरळ रेघ स्वच्छ दिसत होती. जुन्यात ती कुठेच नव्हती. माणूस उभा असला की द्रव खाली बसतो, हवा वर जाते आणि ही रेघ उमटते. मी आईला विचारले, "पहिला फोटो काढताना हिला उभे केले होते का?" त्यांनी आठवून सांगितले, "नाही, टेबलावर झोपवले होते." झोपल्यावर कण्यावर शरीराचा भार येत नाही आणि बाक बऱ्याच अंशांनी कमी दिसतो. त्या १९ अंशांवर विसंबून "काही करायचे नाही" असे सांगून या कुटुंबाला परत पाठवले गेले होते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

आता बाक किती वाढला, हे या दोन चित्रांवरून ठरवताच येत नव्हते. मात्र निर्णयासाठी त्या उत्तराची गरजही नव्हती. बाक वीस ते पंचवीस अंशांच्या दरम्यान असता, तर ब्रेस, म्हणजे बाक रोखण्यासाठी धडाभोवती घालायचा पट्टा, देण्यापूर्वी मी बाक वाढत असल्याचा पुरावा मागितला असता. पण ३१ अंशांचा बाक, पाळी अजून सुरू न झालेली आणि कटिअस्थीच्या कडेवर नव्या हाडाची पट्टी अजिबात न उमटलेली, म्हणजे हाडांची वाढ किती झाली हे सांगणाऱ्या रिसर मोजपट्टीवर शून्य, असे चित्र असताना वाट पाहणे चुकीचे ठरते. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ अजून चालू आहे आणि बाक सर्वाधिक बळावतो तो त्याच काळात. हाच ३१ अंशांचा बाक वाढ पूर्ण झालेल्या सतरा वर्षांच्या मुलीत असता, तर मी ब्रेस दिलाच नसता.

शस्त्रक्रियेबद्दल मी वडिलांना सांगितले, की तिचा विचार साधारण ४५ ते ५० अंशांपुढे होतो, कारण छातीच्या भागातला पन्नास अंशांपुढचा बाक शरीराची वाढ थांबल्यावरही बहुधा वर्षाला अंशभर सरकत राहतो. आई म्हणाल्या, "मग या पट्ट्याने पाठ सरळ होईल ना?" इथे खोटी आशा लावणे मला पटत नाही. ब्रेसचे काम बाक त्या मर्यादेच्या अलीकडे रोखून धरण्याचे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत पन्नाशीच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालच्या गटात हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी तेरा तासांहून अधिक वापर असलेल्यांत ते नव्वदीच्या पुढे गेले. म्हणजे ब्रेसविना सुमारे निम्मी मुले त्या मर्यादेच्या आत राहिली आणि ब्रेस असूनही काहींचा बाक वाढला, हेही मी लपवले नाही.

मुलगी इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "शाळेत घालायचा?" मी म्हटले, "आपण अठरा तासांचे लक्ष्य ठेवू. खेळताना आणि अंघोळीला काढायचा. रात्री मात्र चुकवायचा नाही."

महिन्याभराने ब्रेस घालून, उभे राहून एक्स-रे काढला. पाचवा ते बारावा मणका तेच धरून मोजले, तेव्हा कोन १६ अंश आला. म्हणजे पट्ट्यांचा दाब योग्य जागी पडत होता. पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीवर मी "उभे राहून, पूर्ण कणा, ब्रेस आदल्या दिवशी काढून" असे ठळक लिहिले आणि तिचे टोकाचे दोन मणके कोणते धरायचे, तेही खाली नोंदवले.