मेथीच्या एका वाक्यापायी नऊ दिवस

मधुमेहावरच्या सहा मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट मी दीड दिवसात लिहून दिली होती. विषय मेथीदाणे. रेकॉर्डिंग झालं ते अकराव्या दिवशी. मधले नऊ दिवस एका वाक्यापायी गेले, आणि अजून आठवलं की डोकं फिरतं.

वाक्य होतं: ‘रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी खाल्ले की साखर आटोक्यात येते.’ ज्या कंपनीसाठी लिहीत होतो तिच्या तपासणी विभागाने त्याला लाल रंग फासला आणि शेजारी एकच शब्द लिहिला, ‘दावा’. बदलायचं काय, ते नाही सांगितलं. मी ‘येऊ शकते’ केलं. परत लाल. ‘असं म्हणतात’ जोडलं. परत लाल. वर त्यांचा पंच्याहत्तर शब्दांचा खुलासा आला, अगदी सुरुवातीला घालायला: ‘सदर माहिती केवळ शैक्षणिक हेतूने देण्यात येत असून...’ घड्याळ लावून मोठ्याने वाचला, पस्तीस सेकंद लागले. बहिणीला ऐकवला तर तिसऱ्या ओळीला म्हणाली, “पुढे ढकल ना.”

सातव्या दिवशी वैतागून मी स्क्रिप्ट तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमचा नंबर मागून घेतला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही नुसतं ‘शकते’ लावलंत. कोणाची साखर, किती मेथीने, आणि सोबत कोणती गोळी चालू असताना, ते कुठंय?” मग दहा मिनिटांत सगळं सांगितलं. मेथीत विरघळणारे तंतू असतात. भिजल्यावर दाणे बुळबुळीत होतात, ते त्यांच्यामुळेच. या तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. अभ्यास झालेत, पण बहुतेक छोटे, आणि प्रत्येकात मेथीचं प्रमाण वेगळं. काहींत रोज दहा ग्रॅम, काहींत त्याहून कितीतरी जास्त. आपला चहाचा चमचा भरतो जेमतेम चार-पाच ग्रॅम. शिवाय खरी भीती मेथीची नाहीच. माणूस व्हिडिओ पाहून गोळी सोडतो, नाहीतर साखर खाली आणणारी गोळी चालू ठेवून वर मेथी घेतो, त्याची आहे.

त्या एका वाक्याचं शेवटी हे झालं:

‘मेथीत विरघळणारे तंतू असतात, त्यामुळे जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते. काही छोट्या अभ्यासांत रुग्णांची साखर थोडी कमी झालेली दिसली, पण तिथे मेथी आपल्या चमचाभरापेक्षा बरीच जास्त होती. म्हणून गोळी सोडायची नाही. तुमच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल किंवा तुम्ही इन्सुलिन घेत असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा. औषध आणि मेथी मिळून साखर फार खाली गेली तर दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात.’

पाठवल्यावर तासाभरात हिरवा झेंडा. लांबी वाढली, पण ओघ तुटला नाही. इशारा दाव्याला चिकटून आला आणि त्यात घाम आहे, थरथर आहे. तो भाग लोक ऐकतात. ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ म्हटलं की कान मिटतात, कारण कधी आणि कशासाठी ते त्यात नसतंच.

एक ओळ मात्र माझी. घरी आईची स्ट्रिप पाहिली तर कंपनीचं नाव ठसठशीत आणि खाली बारीक अक्षरांत ग्लिमेपिराइड. आई रोज तीच गोळी घेते, पण हे नाव तिला माहीत नव्हतं. म्हणून ‘स्ट्रिपवर मोठ्या नावाखालचं बारीक नाव वाचा’ हे घातलं. डॉक्टर मॅडमना तीच ओळ सगळ्यात आवडली, याचा मला थोडा अभिमान आहे.

हो, एक राहिलं. म्युच्युअल फंडाची जाहिरात असेल तर ही कारागिरी करू नका. ‘बाजारातील जोखमीच्या अधीन’वाला इशारा ठरलेला आहे. तो भरधाव उरकून टाकायचे म्हणून सेबीने त्याला किमान पाच सेकंद द्यायला लावले. तिथे आपली शैली बाजूला ठेवून सरळ वाचायचं. आरोग्याच्या व्हिडिओला असं तयार वाक्य मिळत नाही, म्हणून एवढी झटापट.

त्यांचा पंच्याहत्तर शब्दी खुलासा अखेर व्हिडिओखालच्या वर्णनात गेला. आणि एवढं सगळं होऊन थंबनेल आलं ते ‘मेथीने साखर गायब!’ ते करणारी मंडळी वेगळी, त्यांनी स्क्रिप्ट उघडलीही नव्हती. पुन्हा अर्धा तास भांडलो, तेव्हा कुठे ‘मेथीने साखर उतरते? किती खरं?’ झालं. तेव्हापासून मी स्क्रिप्टसोबत थंबनेलची ओळही लिहूनच पाठवतो. मानधन मात्र सातशे शब्दांचंच मिळालं.