‘उचलला की!’ : आईची जाणीव तपासली जात असताना

आईला अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर चौथ्या दिवशी मी तिला चिडून म्हणाले, "अगं, तुझा डावा हात हलतच नाहीये, हे तुला कळत कसं नाही?" त्यावर तिने शांतपणे उत्तर दिले, "हलतो की. आत्ताच तर केस सारखे केले." केस तिने उजव्या हाताने सारखे केले होते, आणि तेही फक्त उजव्या बाजूचे. मेंदूच्या उजव्या अर्धगोलातील मोठ्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे तिचा डावा हात आणि डावा पाय दोन्ही लुळे पडले होते. तिची भाषा मात्र शाबूत होती, नातवंडांची नावे आणि महिन्याचा किराणाही तिला आठवत होता. म्हणूनच मला वाटत होते की ती धक्क्यामुळे मुद्दाम नाकारते आहे आणि समजावून सांगितले की मान्य करेल. त्या समजुतीपायी दोन दिवस मी तिच्याशी वाद घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी मेंदुविकारतज्ज्ञ आल्या तेव्हा त्यांनी मला खुर्ची आईच्या उजव्या बाजूला ओढायला लावली आणि मध्ये न बोलण्याची अट घातली. त्यांचे प्रश्न ठरावीक क्रमाने येत होते आणि तो क्रमच परीक्षेचा गाभा आहे, हे मला नंतर समजले. पहिला प्रश्न मोघम होता: "आजी, तुम्हाला काय त्रास होतोय?" आईने डोकेदुखी सांगितली आणि लघवीच्या नळीबद्दल तक्रार केली. मग नेमका प्रश्न आला: "हातापायांत ताकद कशी आहे?" उत्तर आले, "चांगली आहे." "डाव्या हातात?" "त्यातही." यानंतर दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा हात वर गेला, डावा चादरीवरच राहिला. "दोन्ही उचललेत?" "उचलला की!" शेवटी डॉक्टरांनी तो डावा हात स्वतः उचलून आईच्या उजव्या बाजूला, तिच्या नजरेसमोर आणला आणि अलगद सोडला. तो खाली पडला. आई म्हणाली, "संधिवात आहे मला. आज जरा दमलाय तो."

हात उजवीकडे आणण्यामागे कारण होते. उजव्या मेंदूच्या इजेनंतर अनेकांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, त्यामुळे डावीकडे दाखवलेला पुरावा रुग्णाने पाहिलाच नसण्याची शक्यता असते. तिथे दाखवून 'मान्य करत नाही' असे लिहिणे म्हणजे लक्षाचा दोष जाणिवेच्या खात्यावर मांडणे होय. आईने उजवीकडे आणलेला हात पाहिला, तो पडतानाही पाहिला, आणि तरीही तिचे मत बदलले नाही. शिवाय जी बाई नळीबद्दल कुरकुर करते, ती आजार लपवत नाही, हेही डॉक्टरांनी माझ्या लक्षात आणून दिले.

बिसियाक या इटालियन संशोधकाने सहकाऱ्यांसह 1986 मध्ये मांडलेली मोजपट्टी याच क्रमावर उभी आहे. रुग्णाने मोघम प्रश्नाच्या उत्तरातच लुळेपणा सांगितला तर शून्य, हातापायांबद्दल नेमके विचारल्यावर सांगितला तर एक, तपासणीत दाखवून दिल्यावर मानला तर दोन आणि तरीही मानला नाही तर तीन. आईला तीन मिळाले. 'एक' या गुणाबद्दल मतभेद आहेत, कारण ज्याला आणखी चार त्रास आहेत तो हाताआधी डोकेदुखी सांगू शकतो. म्हणून काही संशोधक दोन आणि तीन यांनाच खऱ्या अर्थाने अ‍ॅनोसोग्नोसिया, म्हणजे स्वतःच्या दोषाची जाणीवच नसणे, मानतात. हा शब्द मेंदुविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी पॅरिसमध्ये 1914 साली दिला. दोष माहीत आहे पण त्याचे काहीच वाटत नाही, अशा अवस्थेलाही त्यांनी वेगळे नाव दिले होते. आई पुढे काही दिवस त्या अवस्थेतूनही गेली.

नवव्या दिवशी हात दाखवल्यावर आई म्हणाली, "खरंच, उचलत नाही." गुण दोन झाला आणि मी सुटकेचा श्वास टाकला. त्याच रात्री ती कठडा ओलांडून एकटीच न्हाणीघराकडे निघाली आणि पलंगाशेजारी पडली. सुदैवाने खरचटण्यावर निभावले. कठडा नीट लावला आहे ना, हे मी झोपण्यापूर्वी पाहिले नव्हते, कारण 'आता तिला कळले आहे' असे मी गृहीत धरले होते.

त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्टने दुसऱ्या बाजूने तपासणी सुरू केली. एका चाचणीत रोजच्या 12 कामांची चित्रे असतात. त्यांतली बरीच दोन हातांची, काही दोन पायांची. प्रत्येक काम किती कठीण जाईल हे रुग्ण शून्य ते तीन अशा गुणांनी सांगतो आणि तेच प्रश्न काळजी घेणाऱ्यालाही स्वतंत्रपणे विचारले जातात. मधूनमधून ज्यांचे उत्तर कोणालाही ठाऊक असावे असेही प्रश्न असतात. ते चुकले तर रुग्णाला चाचणीच समजलेली नाही असे धरतात. माझी बेरीज 29 आली, आईची 8. हे अंतर म्हणजेच तिच्या जाणिवेतील तूट, पण माझे गुणही भाबडेपणाने घ्यायचे नसतात. पडण्याच्या घटनेने घाबरून मी दोन-तीन कामांना आवश्यकतेपेक्षा जास्त गुण दिले होते, आणि फिजिओथेरपिस्टच्या नोंदींशी ताडून ते कमी करण्यात आले.

मला सर्वांत शिकवून गेली ती ट्रेची तपासणी. रिकामे प्लॅस्टिकचे पेले मांडलेला ट्रे समोर ठेवून "हा उचला" एवढेच सांगतात. एकच हात चालतो हे ज्याच्या अंगात मुरले आहे, तो हात ट्रेच्या मध्याखाली घालतो. ज्याला दोन्ही हात चालतात असे वाटते, तो उजवी कड धरतो. आईने दहाव्या दिवशी उजवी कड धरली आणि सगळे पेले डावीकडे घरंगळले. आदल्याच दिवशी तिने तोंडाने हात लुळा असल्याचे कबूल केले होते. तिसऱ्या आठवड्यात उलटेच घडले. "ताट दोन्ही हातांनी नेता येईल का?" याला ती "हो, त्यात काय" म्हणाली, पण ट्रे समोर येताच तिचा हात सरळ मध्याखाली गेला. बोलण्यातली आणि वागण्यातली जाणीव परस्परांपासून किती सुटी असू शकते, हे मी त्या टेबलाशेजारी पाहिले. त्याच बैठकीत थेरपिस्टने विचारले, "काकू, माझी अवस्था तुमच्यासारखी असती, तर मला हे ताट नेता आलं असतं का?" आई लगेच म्हणाली, "तुला कसं जमेल बाई? एका हाताने सांडेल सगळं."

असे का होते, याचे एक स्पष्टीकरण डॉक्टरांनी दिले. हात हलवायचा हेतू मेंदूत तयार होतो, त्या हेतूतूनच 'हलला' अशी जाणीव उमटते, आणि प्रत्यक्षात काय घडले याच्याशी ती ताडून पाहणारी यंत्रणा मात्र इजेमुळे बिघडलेली असते. हे मत सर्वमान्य नाही, पण ते ऐकल्यावर मी वाद घालणे सोडले.

सहाव्या आठवड्यात "काय त्रास होतोय?" याला आईचे पहिलेच वाक्य होते, "डावा हात कामाचा राहिला नाही." गुण शून्य. तरीही घरी पाठवतानाच्या कागदावर थेरपिस्टने तो गुण वेगळ्या ओळीत आणि ट्रेची नोंद वेगळ्या ओळीत लिहिली, कारण घाईत ती अजूनही अधूनमधून कडेलाच हात घालत होती. त्याखाली सूचना होती : गॅसवरची कढई, उकळते दूध आणि जिन्याची पायरी, या तिन्ही ठिकाणी त्यांना विचारून ठरवू नये, शेजारी उभे राहून पाहावे.