गळका नळ, एक जग आणि महिन्याचा हिशेब

शनिवार, रात्री १०

मोरीतल्या नळाचे थेंब मोजायला घेतले. नळ थेट मुख्य लाइनवर आहे, मधे टाकी नाही. आधी नेहमीच्या जोराने बंद केला आणि वीस मिनिटं त्याला हात लावला नाही. एवढं थांबावं लागतं, कारण नळ बंद केल्यावर तोटीच्या वाकात आणि टोकाच्या जाळीत अडकलेलं पाणी काही वेळ निथळत राहतं. ती गळती नव्हे. लांब फिरत्या तोटीच्या नळात तर हवेचा एक बुडबुडा आत शिरला की अर्धा पेला पाणी एकदम ओघळतं आणि मग सगळं शांत. बंद केल्या केल्या मोजायला बसलं, तर चांगला नळही गळका ठरतो.

वीस मिनिटांनी मिनिटाला २६ थेंब पडत होते. आता महिन्याला किती लिटर? नुसत्या थेंबांच्या आकड्यावरून हे सांगता येत नाही, आणि बहुतेक हिशेब इथेच फसतात. थेंब म्हणजे काही ठरलेलं माप नव्हे. तो तोटीच्या ज्या कडेला लटकतो, त्या कडेचा घेर मोठा असेल तर पृष्ठताण जास्त पाणी धरून ठेवतो आणि थेंब जड होऊनच सुटतो. कड साधारण ३ मिमी व्यासाची असेल तर थेंब ०.०५ मिलिच्या आसपास भरतो. १० मिमीची असेल तर तोच ०.१४ मिलिपर्यंत जातो. सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरलं, तर पहिल्या नळातून महिन्याला १३० लिटर जातात आणि दुसऱ्यातून ३६० च्या वर. टपटप ऐकायला दोन्हीकडे सारखीच!

म्हणून थेंब न मोजता पाणी मोजायचं. किती पाणी सुटतं हे आत, वायसर आणि त्याच्या बैठकीमधली फट ठरवते. तोटीचं टोक फक्त त्या पाण्याचे तुकडे पाडतं.

रात्री १०.१५

रात्रभरासाठी जग लावण्याआधी दहा मिनिटांची चाचणी घेतली. रिकामी वाटी वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला, वाटी दहा मिनिटं नळाखाली ठेवली, पुन्हा तोलली. २६ ग्रॅम भरले. १ ग्रॅम पाणी म्हणजे व्यवहारात १ मिलि, तेव्हा २६० थेंबांचे २६ मिलि, म्हणजे हा नळ ०.१ मिलिचा थेंब पाडतो.

जगावरच्या रेघा या कामाला चालत नाहीत. स्वयंपाकघरातल्या जगावर ५० किंवा १०० मिलिच्या रेघा असतात आणि २६ मिलि पहिल्या रेघेच्याही खाली राहतात. काटा नसेल तर निदान दहा रेघा भरेपर्यंत पाणी साठू द्यावं. वाचताना जग सपाट ओट्यावर ठेवून डोळा पाण्याच्या पातळीला आणावा. पाणी कडेला किंचित वर चढलेलं दिसतं, पण वाचायची ती मधली, खालची पातळी. वरून वाकून पाहिलं तर एखाद्या रेघेची चूक सहज होते.

दहा मिनिटांच्या चाचणीचा दुसरा उपयोग भांडं निवडण्यासाठी. २६ मिलिच्या हिशेबाने साडेसात तासांत ११७० मिलि होतात. एक लिटरचा जग लावला असता तर पहाटे तो वाहून गेला असता आणि सकाळी फक्त ‘एक लिटरहून जास्त’ एवढंच कळलं असतं. दोन लिटरचा घेतला.

रात्री १०.४०

जग लावला, वेळ लिहून ठेवली. तोटीपासून जगाच्या तळापर्यंत सुती दोरा सोडलाय. उंचावरून पडलेला थेंब फुटतो आणि त्याचे शिंतोडे बाहेर उडतात. ते मोजण्यात येत नाहीत. दोरा असला की पाणी त्यावरून घरंगळत खाली जातं आणि रात्रीची टपटपही थांबते. दोऱ्याने गळती कमी-जास्त होत नाही, थेंब नाहीसे होतात एवढंच. फक्त दोरा जगाच्या काठाला टेकता कामा नये. टेकला तर पाणी वातीसारखं काठावरून बाहेर झिरपतं आणि सकाळी जगाभोवती थारोळं दिसतं.

बाष्पीभवनाची काळजी इथे नको. वीतभर रुंदीपेक्षा लहान तोंडाच्या जगातून रात्रीत चार-पाच मिलि उडतील, बाराशेत ते कुठेच दिसत नाहीत. रात्रभरात वीस-पंचवीस मिलिच साठवणारा नळ असेल तर मात्र हाच फरक मोठा ठरतो. तिथे जगाऐवजी अरुंद तोंडाची बाटली लावून दोरा तिच्यात सोडावा.

रविवार, सकाळी ६.१०

साडेसात तासांत १२६० ग्रॅम. तासाला १६८ मिलि.

महिन्याचा आकडा काढायला एकच गुणाकार पुरतो. ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास, म्हणून तासाचे मिलिलिटर गुणिले ०.७२ केले की महिन्याचे लिटर मिळतात. १६८ चे १२१ लिटर. कालच्या दहा मिनिटांच्या चाचणीवरून तासाला १५६ मिलि, म्हणजे ११२ लिटर आले असते. मोजण्यात चूक नाही, रात्री गळती खरोखरच वाढली. लोक झोपले, पाणी ओढणारे नळ बंद झाले, की लाइनमधला दाब चढतो आणि त्याच फटीतून जास्त पाणी निघतं.

मग नुसत्या रात्रीवरून महिना काढणं बरोबर नाही. जग रिकामा करून पुन्हा लावला. नळ मधे उघडायचा नाही, हे महत्त्वाचं. एकदा उघडून बंद केला की वायसर बैठकीवर किंचित वेगळा बसतो आणि नवीनच नळ मोजल्यासारखं होतं. दिवसभर दुसरा नळ वापरायचा.

दुपारी १.१०

सात तासांत ८७५ ग्रॅम, तासाला १२५. सकाळच्या गर्दीत दाब पडला, तो असा दिसतो. फक्त सकाळ मोजली असती तर महिन्याला ९० लिटर म्हटलं असतं. एकाच नळाची, एकाच दिवसात, ९० आणि १२१ अशी दोन उत्तरं!

रात्री १०.४०

शेवटच्या साडेनऊ तासांत १३३० ग्रॅम. चोवीस तासांची बेरीज ३४६५ ग्रॅम, म्हणजे जवळपास साडेतीन लिटर. तीसने गुणलं की १०४ लिटर. १५ लिटरच्या सात बादल्या. एरवी हा नळ दिवसातून तासभर चालू असेल तर तेवढा वेळ गळतीत धरायचा नाही. मग आकडा शंभरावर येतो. याहून बारीक जाण्यात अर्थ नाही, पुढच्या महिन्यात वायसर आणखी झिजलेला असेल.

पाण्याच्या मीटरवर हे दिसेल का? नाही. साध्या घरगुती मीटरमध्ये पाण्याच्या रेट्याने फिरणारा पंखा असतो आणि अगदी मंद प्रवाहाने तो जागचा हलत नाही. तासाला १.५ घनमीटर क्षमतेच्या ब वर्गाच्या मीटरला ज्या किमान प्रवाहापासून ठरलेल्या मर्यादेत मोजता आलं पाहिजे, तो तासाला ३० लिटर आहे. आपली गळती त्याच्या पावणेदोनशेव्या भागाइतकीही नाही. म्हणून ‘सगळे नळ बंद करून मीटर बघा’ हा सल्ला गळक्या फ्लशला किंवा फुटलेल्या पाइपला लागू पडतो, टपकणाऱ्या नळाला नाही. वर टाकी असेल तर गोष्ट वेगळी: टाकीतून थेंबाथेंबाने गेलेलं पाणी बॉलकॉक उघडला की जोरात भरून येतं आणि मीटरवर चढतं.

झोपण्याआधी आणखी एक पाहून घेतलं. नळ उघडून पुन्हा बंद केला, या वेळी चांगला आवळून. वीस मिनिटांनी दहा मिनिटांचं पाणी २६ ऐवजी ९ ग्रॅम भरलं. नळ सुधारला असं वाटावं, पण अर्ध्या तासाने पुन्हा तोललं तर १५ ग्रॅम. दाबलेलं रबर हळूहळू सैलावतं. घरातला प्रत्येक माणूस वेगळ्या जोराने नळ बंद करतो, तेव्हा मोजणी नेहमीच्या, साध्या जोरानेच करावी. आवळून मोजलेला आकडा कोणाच्याच कामाचा नसतो.

गरम पाण्याच्या नळाची आणखी एक खोड. तो बंद करताना वायसर आणि धातू तापलेले असतात. निवताना आक्रसतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी टपटप सुरू होते. तिथे पूर्ण गार झाल्यावरच जग लावावा. मिक्सर गळत असेल तर खालचे दोन्ही अँगल कॉक आळीपाळीने बंद करून मोजलं की कोणती बाजू गळतेय ते कळतं.

सोमवार

मागचा कॉक बंद केला, नळ उघडून आतलं पाणी सोडून दिलं आणि पान्याने डोकं खोललं. वायसर बाहेर आला तो टणक झालेला, नखाने दाबला तर दबत नव्हता. बैठकीच्या कडेने त्यात गोल खाच पाडलेली आणि त्या खाचेला एका जागी तांदळाच्या कणीएवढी चीर. शंभर लिटर त्या चिरेतून जात होते. आवळलं की वायसर तेवढ्यापुरता दबतो, पण खाच आणखी खोल जाते. म्हणून आवळून चालवलेला नळ काही दिवसांनी आणखी जोर मागतो.

नवा वायसर बसवण्याआधी बोटाने बैठक चाचपली. त्याच जागी क्षाराचा खडबडीत कण चिकटला होता. तो तसाच ठेवला असता तर नव्या रबरातही चीर पडली असती. व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पंधरा मिनिटं तिथे धरला, मग फडक्याने पुसून काढला. बोटाला धातूचीच खाच लागली असती तर वायसर बदलून भागलं नसतं, प्लंबरकडून बैठक घासून घ्यावी लागली असती. आत रबराऐवजी सिरॅमिकच्या चकत्या असलेल्या नळाला हे काहीच लागू नाही. त्याचं आतलं कार्ट्रिज अख्खंच बदलतात.

नळ जोडला, साध्या जोराने बंद केला, वीस मिनिटं थांबलो आणि नवा कोरडा दोरा बांधून रात्रभर जग लावला.

मंगळवार, सकाळी ६

काटा ३ ग्रॅम दाखवतोय. दोऱ्याचं वरचं टोक कोरडं आहे, मधला भागही. तळाशी जे आहे ते रात्री उशिरा तोटीच्या जाळीतून निथळलेलं असावं. आज रात्री पुन्हा लावायचा, पण या वेळी आधी जाळी काढून झटकून.