मॅचच्या दिवशी पोस्ट किती वाजता टाकायची? भडंगाच्या विक्रीचा माझा अनुभव

बेळगावच्या शहापुरात आमच्या मामांचा भडंग आणि चिवड्याचा छोटा कारखाना आहे. २०२५ च्या आयपीएलमध्ये त्यांच्या ब्रँडच्या सोशल मीडियाचं काम माझ्याकडे आलं. बेळगावात अर्धं गाव मुंबईचं, अर्धं बंगळूरचं. एकाच घरात थोरला निळ्या जर्सीत, धाकटा लाल. त्यामुळे ७ एप्रिलला वानखेडेवर या दोघांचा सामना ठरलेला दिसताच मी त्याच दिवसाची तयारी आधी धरली.

पोस्ट कधी टाकायची हे आम्ही उलट्या बाजूनं मोजत आलो. सामना ७:३० ला, टॉस ७ ला. टॉसनंतर माणूस टीव्हीसमोरून उठत नाही, म्हणजे पाकीट ७ च्या आत घरात पोचलं पाहिजे. सोमवार असल्यानं नोकरदार साडेपाच-सहाला सुटणार आणि वाटेत दुकानापाशी थांबणार. म्हणून पोस्ट साडेचारला, म्हणजे ऑफिसातल्या चहाच्या वेळी वाचली जाईल अशी. पण पोस्ट वाचून माणूस दुकानात गेला आणि तिथं माल नसला तर सगळं फुकट. त्यामुळे दुकानदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आदल्या दिवशीच गेला, "मालक, उद्या मुंबई-बंगळूर आहे, भडंग किती ठेवू?" त्यांच्या उत्तरांवरून मामांनी किती चिरमुरे परतायचे ते ठरवलं. इन्स्टाग्रामची पैसे भरून दाखवायची जाहिरातही आदल्या दिवशीच सबमिट केली, कारण तिच्या तपासणीला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. दुपारी टाकली असती तर ती रात्री मंजूर झाली असती.

चित्रात संघांचे लोगो, खेळाडूंचे फोटो, स्पर्धेचं नाव यातलं काहीच घेतलं नाही. ते हक्क पैसे मोजून घेतलेल्या प्रायोजकांचे असतात. आम्ही दोन पाकिटं काढली, एकाला लाल फीत, एकाला निळी, आणि वर 'आजची रात्र' एवढंच. मराठीचं आणि कन्नडचं चित्र वेगवेगळं, पण दोन्ही एकाच मिनिटाला टाकलेली. आमच्या भागात कोणती भाषा आधी आली याकडे लोकांचं लक्ष असतं, आणि दोन्ही भाषांचं गिऱ्हाईक आमचंच आहे.

कोणत्या पोस्टमुळे विक्री झाली हे ओळखायला मी एक साधी युक्ती केली. साडेचारच्या पोस्टमध्ये लिहिलं, 'ऑर्डर देताना टॉस असं लिहा.' दोन डावांच्या मधल्या विश्रांतीत दुसरी पोस्ट टाकली, तिच्यासाठी शब्द 'ब्रेक'. त्या रात्री बंगळूरनं २२१ केल्या, मुंबई १२ धावांनी हरली आणि ब्रेकच्या पोस्टवर लाइक, हसणारे चेहरे, चिडवाचिडवी यांचा पाऊस पडला. साडेचारची पोस्ट त्या मानानं शांत होती. पण ऑर्डरच्या मेसेजमध्ये जवळपास सगळीकडे 'टॉस' लिहिलेलं होतं. 'ब्रेक' लिहिणारे मोजकेच, आणि त्या वेळी टिळकवाडीत पाकीट पोचवणार कोण? मला हा फरक फार मोलाचा वाटतो. गर्दी बघून वेळ ठरवली असती तर आम्ही रात्री साडेनऊलाच सगळे पैसे ओतले असते.

ब्रेकची पोस्ट बंद केली नाही, तिचं काम बदललं. तेव्हा फोन लोकांच्या हातात असतोच, म्हणून तिथं पुढच्या सामन्याचं बुकिंग घ्यायला लागलो. शनिवार-रविवारी दोन सामने असले की पहिला ३:३० ला सुरू होतो. तेव्हा मुख्य पोस्ट सकाळी अकराला, बाजारात जायची पिशवी उचलण्याआधी.

निकालानंतर मात्र हरलेल्यांना डिवचणारी पोस्ट टाकायची नाही, हे मामांनी बजावलं होतं. उद्या तेच दुकानात येणार.

पोस्ट आगाऊ लावून ठेवण्याची सोय चांगली आहे, पण त्या हंगामानं तिची मर्यादाही दाखवली. ९ मे रोजी सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा आठवडाभर थांबली, तेव्हा रांगेत लावलेलं सगळं आम्ही तातडीनं काढलं. १७ मेला पुन्हा सुरू झाली तर बंगळूरचा पहिलाच सामना पावसात वाहून गेला. ३ जूनला बंगळूरनं पहिल्यांदा स्पर्धा जिंकली आणि दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीबाहेरच्या चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली. बातमी कळताच विजयाची सवलत आम्ही मागे घेतली, लाल फितीची पाकिटंही दर्शनी भागातून हलवली.

तेव्हापासून फक्त पुढच्या एका सामन्याच्याच पोस्ट रांगेत असतात. साडेचारला पोस्ट जायची असेल तर चारला मी बातम्या आणि सामन्याच्या गावचं हवामान पाहते. दुकानदारांना आदल्या दिवशी जाणारा निरोप मात्र पाऊस असो-नसो जातोच, कारण भडंग दुसऱ्या दिवशीही खपतं.