वारकरी मान वर करतो तेव्हा

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी ढोकरी बगळा आपल्यापासून दहा पावलांवर निवांत उभा असतो. मागे देवळाची घंटा वाजत असते, कुणी मोबाइलवर मोठ्याने बोलत असतं, तरी त्याचं लक्ष मासोळीवरून हलत नाही. तीच ढोकरी हिप्परग्याच्या तलावावर आपण बरेच लांब असतानाच पांढरे पंख उघडून पसार होते. इथल्या ढोकरीला माणसांची सवय झालेली आहे, तिथलीला नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून ‘पक्ष्यापासून किती लांब उभं राहायचं?’ याचं उत्तर मीटरमध्ये देता येत नाही. ते पक्ष्यालाच विचारावं लागतं.

हिवाळ्यात तलावात काळेभोर, पांढऱ्या चोचीचे वारकरी दिसतात. चरताना त्यांच्या माना खाली असतात. आपण काठाने पुढे सरकलो की आधी एक मान वर होते, मग चार. आपण तिथेच थांबलो तर थोड्या वेळाने पुन्हा चरणं सुरू होतं. आणखी पुढे गेलो तर सगळा थवा घाई न दाखवता तलावाच्या मध्याकडे सरकू लागतो. इथे तरी मागे फिरावं. कारण यानंतर ते पाण्यावर थपाथप धावत उडतात, आणि वारकऱ्याला उडणं फार कष्टाचं पडतं. चरायच्या वेळी पोटातलं असं खर्च करायला लावू नये. टिबुकली मात्र उडत बसत नाही, बुडी मारते. ती जवळच वर आली तर ठीक. दर वेळी आणखी लांब निघू लागली तर ती आपल्यालाच टाळते आहे असं समजावं.

वेळ म्हणाल तर उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. जानेवारीत सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा रविवारची झोप थोडी मोडावी लागते. तलावाच्या पूर्व काठावर उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं आणि पिसांचे रंग दिसतात. समोरच्या काठावरून पाहिलं तर सगळेच पक्षी काळे, मग वारकरी कोण आणि बदक कोण!

फोटोवाल्यांबद्दल माझं मत जरा कडक आहे. पक्षी उडताना टिपायचा म्हणून खडा मारणारे किंवा मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावणारे पाहिले की डोकं फिरतं. आवाज ऐकून तो पक्षी प्रतिस्पर्धी शोधत हिंडतो आणि तेवढा वेळ त्याचं खाणं, घरटं, सगळं राहतं. फरसाण टाकणारेही तसेच. पाण्यात उरलेलं कुजतं ते वेगळंच.

बाकी कुणी मागून येऊन “काय बघायलाव ओ काका?” असं मोठ्यानं विचारलंच, तर चिडू नये. दुर्बीण त्याच्या हातात द्यावी, म्हणजे आवाज आपोआप खाली येतो.